प्रमोशननंतर नवीन बेसिक कसं लागतं आणि कुठे चुकतं: वेतननिश्चितीत या चुका टाळा

प्रमोशनची ऑर्डर आली की पेढे वाटून होतात, चार्ज घेऊन होतो, आणि मग पहिल्या पगाराच्या स्लिपवर बेसिक बघून माणूस म्हणतो हे कसं काय आलं बुवा. बहुतेक जण पुढे विचारतच नाहीत, कारण ऑफिसने केलंय म्हणजे बरोबरच असणार. पण पे फिक्सेशन करणारा बिल क्लार्कही आपल्यातलाच एक असतो, त्याच्या टेबलावर अजून वीस फायली असतात आणि सहाव्या आयोगाची सवय त्याच्या हातातून अजून गेलेली नसते. हिशोब खरं तर दहा मिनिटांचा आहे, फक्त पे मॅट्रिक्स, म्हणजे प्रत्येक लेव्हलच्या कॉलममध्ये बेसिकचे आकडे चढत्या क्रमाने छापलेला तक्ता, समोर पाहिजे.

इथे सगळं केंद्र सरकारच्या सातव्या वेतन आयोगाचं सांगतोय, आणि उदाहरणाला रेल्वेतलं घेतो कारण ते आपल्याकडे घरोघरी आहे. सिनियर क्लार्क लेव्हल ५ ला, त्याचं प्रमोशन झालं की ऑफिस सुपरिटेंडंट लेव्हल ६ ला. रेल्वेचे रिव्हाइज्ड पे रूल्स २०१६ वेगळे छापलेत पण त्यातला नियम १३ आणि बाकी केंद्रीय कर्मचाऱ्यांचा नियम १३ एकच गोष्ट सांगतात: आधी जुन्या लेव्हलमध्ये एक इन्क्रिमेंट द्या, जो आकडा येईल तो नवीन लेव्हलच्या कॉलममध्ये शोधा, तोच आकडा सापडला तर तिथेच बसवा, नाही सापडला तर त्याच्या लगेच वरच्या आकड्याच्या सेलमध्ये बसवा. संपला नियम.

आता तक्त्याचा लागणारा तुकडा:

लेव्हल ५: ३७००० – ३८१०० – ३९२०० – ४०४०० – ४१६००
लेव्हल ६: ३७६०० – ३८७०० – ३९९०० – ४११०० – ४२३०० – ४३६०० – ४४९००

समजा आपला माणूस लेव्हल ५ मध्ये ३८१०० वर आहे. एक इन्क्रिमेंट म्हणजे ३९२००. लेव्हल ६ मध्ये ३९२०० नाही, ३८७०० नंतर एकदम ३९९०० आहे. म्हणून नवीन बेसिक ३९९००. इतकं सोपं असून चुकतं कुठे ते बघू.

कॅल्क्युलेटर काढून ३ टक्के करणे

ही सगळ्यात जुनी सवय. सहाव्या आयोगात बँड पे अधिक ग्रेड पे यावर ३ टक्के काढायचे, दहाच्या पटीत राउंड करायचं, मग नवीन ग्रेड पे लावायचा, तेव्हा ते बरोबर होतं. सातव्यात इन्क्रिमेंट म्हणजे त्याच कॉलममधला पुढचा सेल, टक्के बिक्के काढायचे नाहीत. मॅट्रिक्सचे आकडे साधारण ३ टक्क्यांनीच वाढतात हे खरं, पण ते शंभरच्या पटीत बसवलेले आहेत आणि तिथेच गोची होते.

वरच्या उदाहरणात ३८१०० चे ३ टक्के धरले तर ३९२४३ येतात, त्याच्या वरचा सेल ३९९००च, त्यामुळे उत्तर नशिबाने बरोबर आलं आणि करणाऱ्याला वाटलं आपली पद्धत बरोबर आहे. आता तोच माणूस काही वर्षांनी लेव्हल ६ मध्ये ४३६०० वर आहे आणि चीफ ऑफिस सुपरिटेंडंट झाला, लेव्हल ७, जिथे पहिला सेल ४४९०० आणि दुसरा ४६२००. टक्क्यांनी काढलं तर ४४९०८. आठ रुपये जास्त. ४४९०८ हा ४४९०० पेक्षा मोठा म्हणून त्याला नेऊन बसवलं ४६२०० वर. मॅट्रिक्सने काढलं तर ४३६०० च्या पुढचा सेल ४४९००, लेव्हल ७ मध्येही ४४९०० आहे, म्हणजे नवीन बेसिक ४४९००च. आठ रुपयांच्या फरकाने दरमहा १३०० जास्त गेले, वर डीए.

आकडा जुळला तरी वरचा सेल मागणे

हेच उदाहरण पुढे नेऊ कारण यावर भांडणं फार होतात. माणूस म्हणतो, मला जानेवारीत नाहीतरी ४४९०० मिळणारच होते, मग प्रमोशनचं काय मिळालं, नियमात नेक्स्ट हायर सेल लिहिलंय ना. लिहिलंय, पण ते नंतर लिहिलंय. आधी बरोबरीचा सेल, तो नसेल तरच वरचा. एक इन्क्रिमेंट हाच प्रमोशनचा फायदा आहे, वरच्या सेलचा उड्डाणपूल हा फक्त आकडा न जुळल्यामुळे मिळणारा बोनस आहे. म्हणून एकाच दिवशी प्रमोट झालेल्या दोघांपैकी एकाला ७०० जास्त मिळतात आणि दुसऱ्याला शून्य, हे अन्यायासारखं दिसतं, पण नियमाप्रमाणे बरोबर आहे. तक्रार करून काही हाताला लागत नाही.

उलट चूकही होते. ३८१०० वरून प्रमोशन झालं आणि लेव्हल ६ च्या स्लिपवर बेसिक ३९२०० दिसतंय. म्हणजे इन्क्रिमेंट दिलं पण नवीन कॉलममध्ये बसवायचं राहून गेलं. ही चूक पकडायला हिशोब पण लागत नाही: आपलं बेसिक आपल्या लेव्हलच्या कॉलममध्ये छापलेलं आहे का एवढं बघायचं. नसेल तर फिक्सेशन चुकलंच, दुसरं कारण नाही.

ऑप्शनचा फॉर्म न भरणे, किंवा न समजता भरणे

खरा पैशाचा खेळ इथे आहे. प्रमोशन झालं की दोन पर्याय असतात. एक, प्रमोशनच्या तारखेपासूनच फिक्सेशन. दोन, जुन्या पोस्टमधल्या पुढच्या इन्क्रिमेंटच्या तारखेपासून फिक्सेशन, ज्याला सगळे डीएनआय म्हणतात. हा ऑप्शन प्रमोशनच्या तारखेपासून एका महिन्यात द्यायचा असतो. केंद्राच्या कार्मिक विभागाच्या, म्हणजे डीओपीटीच्या, २७ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, म्हणजे ओएममध्ये तर स्पष्ट म्हटलंय की प्रमोशनच्या ऑर्डरमध्येच ऑप्शनचं कलम टाका म्हणजे माणसाला कळेल. तरीही ऑर्डर नीट वाचली जात नाही, महिना निघून जातो, आणि ऑप्शन नाही आला म्हणून ऑफिस प्रमोशनच्या तारखेपासून फिक्स करून मोकळं होतं.

आपल्या माणसाचा पूर्ण हिशोब करू. बेसिक ३८१००, पुढचं इन्क्रिमेंट १ जुलै २०२२ ला, प्रमोशन १० मार्च २०२२.

प्रमोशनच्या तारखेपासून घेतलं तर १० मार्चला ३९९००. पुढचं इन्क्रिमेंट १ जानेवारी २०२३ ला ४११००, मग १ जानेवारी २०२४ ला ४२३००.

डीएनआय घेतलं तर १० मार्चला फक्त नवीन लेव्हलचा वरचा सेल मिळतो, म्हणजे ३८१०० च्या वरचा ३८७००. इथे माणूस घाबरतो, प्रमोशन होऊन सहाशे रुपये फक्त? थांबा जरा. १ जुलैला रिफिक्सेशन होतं आणि त्यात जुन्या लेव्हलमध्ये दोन इन्क्रिमेंट मिळतात, एक वार्षिक आणि एक प्रमोशनचं. ३८१०० वरून ३९२००, मग ४०४००. लेव्हल ६ मध्ये ४०४०० नाही, वरचा सेल ४११००. म्हणजे १ जुलै २०२२ ला ४११००. आणि सहा महिने झाल्यावर १ जानेवारी २०२३ ला पुढचं इन्क्रिमेंट, ४२३००. त्यापुढे मात्र वर्षाला एक, १ जानेवारी २०२४ ला ४३६००.

दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. मार्चच्या २२ दिवसांचे आणि एप्रिल ते जूनचे मिळून साधारण ४४५० रुपये डीएनआयवाल्याला कमी मिळाले. जुलैपासून मात्र तो दर महिन्याला १२०० पुढे, ऑक्टोबरच्या पगारापर्यंत खड्डा भरून निघाला, आणि त्यानंतर तो कायम एक सेल वरच राहतो. पेन्शनला पण.

सहा महिन्यांनी मिळणारं ते इन्क्रिमेंट बऱ्याच जणांना माहीतच नसतं. खर्च विभागाच्या २८ नोव्हेंबर २०१९ च्या ओएमने ते स्पष्ट केलं, त्याच्या आधी ऑफिसेस वर्षभर थांबवून ठेवायची. कोणाचं १ जुलैला डीएनआयने रिफिक्सेशन झालंय आणि पुढचं इन्क्रिमेंट थेट पुढच्या जुलैत दिलंय असं दिसलं तर हा ओएम दाखवायचा.

डीएनआय नेहमीच चांगलं असं समजणे

वरचं वाचून कोणी म्हणेल मग सगळ्यांनी डीएनआयच घ्यावं. कॅन्टीनमध्ये हाच सल्ला मिळतो, आणि तिथेच लोक फसतात. सगळं प्रमोशन आणि डीएनआय यातल्या अंतरावर आहे.

तोच माणूस, पण १ जुलैचं इन्क्रिमेंट धरूनच बेसिक ३८१००, आणि २० जुलै २०२२ ला प्रमोशन. आता डीएनआय १ जुलै २०२३, जवळपास वर्षभर लांब. प्रमोशनच्या तारखेपासून घेतलं तर लगेच ३९९००, १ जुलै २०२३ ला ४११००, १ जुलै २०२४ ला ४२३००. डीएनआय घेतलं तर वर्षभर ३८७००, १ जुलै २०२३ ला ४११००, १ जानेवारी २०२४ ला ४२३००, १ जानेवारी २०२५ ला ४३६००. म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे १३६५० रुपये गेले, आणि पुढे फायदा होतो तो फक्त दरवर्षी जानेवारी ते जून, २०२४ मध्ये ७२०० आणि २०२५ मध्ये ७८०० रुपयांचा, कारण जुलै ते डिसेंबर दोघेही एकाच सेलवर असतात. तोटा भरून निघायला मे २०२५ उजाडतो. ज्याची नोकरी पंधरा वर्षं बाकी आहे त्याने खुशाल डीएनआय घ्यावं. जो दोन वर्षांत रिटायर होतोय त्याने आधी एक गोष्ट बघावी, आपण जानेवारी ते जून या काळात रिटायर होतोय की जुलै ते डिसेंबरमध्ये, कारण पेन्शन शेवटच्या बेसिकवर ठरते आणि हा एक सेलचा फरक फक्त पहिल्या सहामाहीतच असतो.

अजून एक प्रकार आहे जिथे डीएनआय घेणं म्हणजे सरळ नुकसान. ज्युनियर क्लार्क, लेव्हल २, बेसिक २२४००, प्रमोशन होऊन सिनियर क्लार्क, लेव्हल ५, जिथे पहिलाच सेल २९२००. एक इन्क्रिमेंट दिलं तर २३१००, दोन दिली तर २३८००, काहीही करा तो २९२०० वरच येऊन बसणार कारण त्याच्या खाली सेलच नाही. आता याचं प्रमोशन २० जुलैचं आणि डीएनआय पुढच्या १ जुलैला. प्रमोशनच्या तारखेपासून घेतलं तर पुढच्या १ जुलैला इन्क्रिमेंट मिळून ३०१००. डीएनआय घेतलं तर त्या १ जुलैला रिफिक्सेशन होऊन परत २९२००च, आणि ३०१०० बघायला अजून सहा महिने. दोन इन्क्रिमेंटच्या मोहात एक इन्क्रिमेंट मागे ढकललं. जिथे फिक्सेशन लेव्हलच्या पहिल्या सेलवर होतंय तिथे ऑप्शन द्यायच्या आधी दोनदा विचार करा.

रिफिक्सेशनच विसरून जाणे

ऑप्शन दिला, पोच घेतली, आणि जुलैमध्ये काहीच झालं नाही, हे तर फारच होतं. कारण मार्चमध्ये फिक्सेशन करणारा क्लार्क जुलैपर्यंत दुसऱ्या सेक्शनला गेलेला असतो. १० मार्चच्या प्रमोशनचं पहिलं उदाहरण घेतलं तर जुलैच्या स्लिपवर तीन गोष्टी दिसू शकतात. ३८७००च असेल तर रिफिक्सेशन झालेलंच नाही. ३९९०० असेल तर दोनपैकी एक घोळ झालाय: एकतर नवीन लेव्हलमध्येच साधं वार्षिक इन्क्रिमेंट दिलं, ३८७०० चा पुढचा सेल ३९९००, किंवा जुन्या लेव्हलमध्ये दोनाऐवजी एकच इन्क्रिमेंट धरून ३९२०० चा वरचा सेल ३९९०० लावला. दोन्ही चुका एकाच आकड्यावर येतात म्हणून स्लिप बघून कळत नाही कुठली झाली, त्यासाठी फिक्सेशन स्टेटमेंट मागून बघावं लागतं. ४११०० असेल तर ठीक. वाढ झालेली दिसते ना, मग लोक खूश होतात आणि ३९९०० वाला घोळ वर्षानुवर्षं तसाच चालतो.

स्टेटमेंटमध्ये जुनी लेव्हल आणि जुनं बेसिक, त्यातली दोन्ही इन्क्रिमेंट वेगवेगळ्या ओळीत, आलेला आकडा, नवीन लेव्हलमधला सेल आणि पुढच्या इन्क्रिमेंटची तारीख असं सगळं दिसलं पाहिजे. फक्त शेवटचा आकडा लिहिलेला असेल तर समजायचं की कोणीतरी अंदाजाने टाकलाय.

चार्ज कधी घेतला याकडे दुर्लक्ष

इन्क्रिमेंटच्या दोनच तारखा आहेत, १ जानेवारी आणि १ जुलै. प्रमोशन २ जानेवारी ते १ जुलै या काळात झालं तर पुढचं इन्क्रिमेंट १ जानेवारीला, आणि २ जुलै ते १ जानेवारी या काळात झालं तर १ जुलैला. दोन्ही टोकं धरून. आता यात गंमत बघा. ऑर्डर २८ जूनला निघाली, जुन्या सेक्शनने सोडायला वेळ लावला, आणि आपल्या ३८१०० वाल्या माणसाने चार्ज घेतला २ जुलैला. १ जुलैला घेतला असता तर आधी वार्षिक इन्क्रिमेंट, मग प्रमोशनचं, ४११०० वर फिक्स, आणि १ जानेवारीला पुढचं. २ जुलैला घेतला तरी फिक्सेशन ४११००च येतं, कारण १ जुलैचं इन्क्रिमेंट पदरात पडलेलं असतं, पण पुढचं इन्क्रिमेंट थेट पुढच्या १ जुलैला. एका दिवसाने सहा महिने. त्यामुळे जूनच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या शेवटी ऑर्डर आली की रिलीव्ह करा म्हणून साहेबाच्या मागे लागायचं, पेढ्यांचं नंतर बघू.

एमएसीपी मिळालेलं असताना परत फिक्सेशनची वाट बघणे

दहा वर्षं प्रमोशन झालं नाही म्हणून मिळणारी वरची लेव्हल, म्हणजे एमएसीपी, लागून माणूस आधीच लेव्हल ६ मध्ये गेलेला असतो, नंतर खरं प्रमोशन पण लेव्हल ६ च्याच पोस्टवर होतं. इथे परत इन्क्रिमेंट मिळत नाही, फिक्सेशनचा फायदा एमएसीपीच्या वेळीच दिला गेलाय. चुकून दिला गेला तर तो ऑडिटमध्ये निघतोच, बऱ्याचदा पेन्शनच्या कागदांच्या वेळी.

आणि जास्त गेलेले पैसे परत घेतात का, हा प्रश्न नेहमीचा. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात सांगितलं की गट क आणि ड चे कर्मचारी, रिटायर झालेले किंवा वर्षभरात होणारे, किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त काळ चुकीने पैसे दिले गेलेले, अशांकडून वसुली करू नये. पण २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात कोर्टाने हेही म्हटलं की जास्त गेल्यास परत करीन असं लिहून दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. फिक्सेशनच्या वेळी ढिगाने सह्या घेतात त्यात असं हमीपत्र असतं का ते बघून सही करा. आणि वसुली थांबली तरी बेसिक दुरुस्त होतंच, पेन्शन खालच्या आकड्यावर बसते.

लेव्हल आणि एस-लेव्हल एक समजणे

व्हॉट्सअॅपवर फिरणारे तक्ते उघडताना वर काय लिहिलंय ते वाचा. महाराष्ट्र शासनाच्या सातव्या आयोगाच्या मॅट्रिक्सला एस-१, एस-२ असे स्तर आहेत आणि केंद्राच्या लेव्हलशी त्यांचे नंबर जुळत नाहीत. राज्याचा एस-६ सुरू होतो १९९०० ला, केंद्रात तो आकडा लेव्हल २ चा पहिला सेल आहे. केंद्राची लेव्हल ६ सुरू होते ३५४०० ला, राज्यात तो एस-१३. झेडपीतला मेहुणा आणि रेल्वेतला भाऊजी एकमेकांचं फिक्सेशन तपासायला बसले की हाच गोंधळ होतो, दोघेही सहावर बोट ठेवून भांडतात.

बेसिक चुकलंय असं ठरलं तर अर्ज आस्थापना शाखेला लेखी द्या आणि त्यात गोष्ट सांगत बसू नका. प्रमोशनची तारीख, चार्ज घेतल्याची तारीख, ऑप्शन दिल्याची तारीख आणि पोच, तेव्हाचं बेसिक आणि लेव्हल, आणि तुम्ही काढलेला हिशोब ओळीने, मॅट्रिक्सच्या त्या दोन कॉलमची झेरॉक्स जोडून. सर्व्हिस बुकात फिक्सेशनची नोंद कशी घेतलीय ती त्याच दिवशी बघून घ्या, कारण स्लिप दुरुस्त होते आणि सर्व्हिस बुकात जुनाच आकडा राहतो असंही होतं, आणि पेन्शनचे कागद सर्व्हिस बुकावरून तयार होतात.